एका आकड्यावर अनेक हात
(प्रस्तावना)

दोन थ्रेड एकाच वेळी सुरू करायचे आणि दोघांनीही एकाच सामाईक आकड्यात दहा-दहा लाख वेळा एक मिळवायचा, एवढाच प्रोग्रॅम लिहिला तर शेवटी उत्तर २०,००,००० यायला हवे. अनेक कोअर असलेल्या संगणकावर ते बहुतेक वेळा येत नाही. आकडा कमी भरतो आणि दर वेळी वेगळाच कमी भरतो. प्रोग्रॅममध्ये तर `n++` याखेरीज काही नसते, त्यामुळे चूक शोधायची कुठे हेच नवख्याला कळत नाही.

चूक आहे ती `n++` ही एकच क्रिया आहे असे मानण्यात. प्रोसेसरच्या दृष्टीने ती तीन पावले आहेत: मेमरीतला आकडा रजिस्टरमध्ये आणणे, तिथे त्यात एक मिळवणे आणि झालेली बेरीज मेमरीत परत ठेवणे. समजा आकडा ४१ आहे. पहिल्या थ्रेडने ४१ वाचले आणि तो परत लिहिण्याआधी दुसऱ्यानेही ४१ वाचले. दोघांनीही आपापल्या जागी ४२ केले, दोघांनीही ४२ लिहिले. मिळवणी दोनदा झाली आणि आकडा एकानेच पुढे सरकला.

हे नुकसान किती वाढू शकते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. वरच्या प्रोग्रॅमचे उत्तर अगदी वाईट जुळून आल्यास २ येऊ शकते. पहिला थ्रेड ० वाचतो आणि थांबतो. तेवढ्यात दुसरा आपल्या ९,९९,९९९ फेऱ्या पूर्ण करतो. आता पहिला जागा होऊन आपली शिळी बेरीज, म्हणजे १, लिहितो. दुसरा शेवटच्या फेरीसाठी हे १ वाचतो आणि थांबतो. पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवतो. मग दुसरा आपल्याकडचे १ अधिक १ असे २ लिहून मोकळा होतो. वीस लाख मिळवण्या झाल्या, हाती राहिले दोन. प्रत्यक्षात इतके टोक गाठले जाणार नाही. पण ते घडणार नाही अशी हमी भाषेत किंवा यंत्रात कुठेही नाही.

या पुस्तकाचा विषय आहे ती हमी देणाऱ्या प्रोसेसरच्या दोन सूचना, टेस्ट-अँड-सेट आणि कंपेअर-अँड-स्वॅप, आणि त्यांच्या आधाराने बांधलेला एक साधा काउंटर. काउंटर मुद्दाम निवडला आहे. त्यात डेटाची गुंतागुंत नाही, त्यामुळे जे काही अवघड उरते ते सगळे एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडांमुळे आलेले असते.

या प्रश्नाचे पहिले उत्तर हार्डवेअरकडून आले नाही. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. साधे वाचणे आणि साधे लिहिणे यापलीकडे यंत्राकडून काहीही न मागता, कितीही प्रक्रियांपैकी एका वेळी एकीलाच सामाईक आकड्यापर्यंत सोडता येते, हे त्यांनी त्यात दाखवले. दोन प्रक्रियांपुरते उत्तर त्याआधी डच गणिती डेक्कर यांनी दिले होते. पुढे १९७४ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांची बेकरी पद्धत आली आणि १९८१ मध्ये गॅरी पीटरसन यांची, जी सुटसुटीतपणामुळे आजही महाविद्यालयांत शिकवली जाते.

ही परंपरा विचाराला वळण लावते, पण रोजच्या कामात ती दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे प्रक्रिया जितक्या तितक्या तरी सामाईक जागा लागतातच; केवळ वाचणे-लिहिणे हाती असेल तर याहून कमी जागांत भागत नाही, हे बर्न्स आणि लिंच यांनी सिद्ध केले आहे. दुसरे म्हणजे या पद्धती असे गृहीत धरतात की मी आधी लिहिले आणि मग वाचले, तर इतरांनाही तोच क्रम दिसेल. आजचे प्रोसेसर लिहिलेली किंमत काही काळ स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये ठेवतात आणि पुढचे वाचन आधी उरकून घेतात. पीटरसनची पद्धत जशीच्या तशी सी भाषेत उतरवली तर ती इंटेलच्या प्रोसेसरवरही चुकू शकते. क्रम पाळायला लावणारी वेगळी सूचना मध्ये घालावीच लागते. म्हणजे हार्डवेअरची मदत टाळण्यासाठी निघालेला माणूस शेवटी हार्डवेअरच्याच दारी येतो.

हार्डवेअरने हे दार फार लवकर उघडले होते. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मध्ये टेस्ट-अँड-सेट ही सूचना होती. ती एका बाइटवर चालते. त्या बाइटचा सर्वांत डावा बिट काय होता याची नोंद कंडिशन कोडमध्ये होते आणि बाइटमधले सगळे बिट १ केले जातात. हे पाहणे आणि लिहिणे यांच्या मध्ये दुसऱ्या कुणालाही त्या बाइटला हात लावता येत नाही. ॲटॉमिक या शब्दाचा इथे एवढाच अर्थ आहे: बाहेरच्याला ही क्रिया एकतर झालेली दिसते किंवा न झालेली. अर्धवट कधीच दिसत नाही.

टेस्ट-अँड-सेटने काउंटर असा होतो:

```c
atomic_flag lock = ATOMIC_FLAG_INIT;
long n = 0;

void increment(void) {
    while (atomic_flag_test_and_set(&lock))
        ;
    n++;
    atomic_flag_clear(&lock);
}
```

सूचनेने ० परत दिले तर लॉक मोकळे होते आणि आता आपले झाले. १ परत दिले तर ते आधीच कुणाकडे तरी आहे, म्हणून पुन्हा विचारायचे. याला स्पिनलॉक म्हणतात. उत्तर अचूक येते. तरीही यात दोन दुखणी आहेत.

पहिले दुखणे खर्चाचे. वाट पाहणारा थ्रेड वरकरणी फक्त विचारत असतो, पण टेस्ट-अँड-सेट दर खेपेला लिहितेही. जिथे लिहायचे ती कॅश लाइन त्या कोअरला स्वतःकडे, इतरांच्या प्रती बाद करून, ओढून घ्यावी लागते. आठ कोअर वाट पाहत असतील तर एकच लाइन त्यांच्यात अखंड हिसकावली जाते, आणि ज्याच्याकडे लॉक आहे त्यालाही ते सोडण्यासाठी याच रांगेत उभे राहावे लागते. रूडॉल्फ आणि सेगॉल यांनी १९८४ मध्ये यावर साधा तोडगा सुचवला: आधी नुसते वाचत राहा, मोकळे दिसले तरच टेस्ट-अँड-सेट करा. वाचन सगळ्यांना आपापल्या प्रतीतून करता येते, त्यामुळे गोंगाट बराच कमी होतो. १९९१ मध्ये जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांनी याच वाटेने पुढे जाऊन रांगेचे लॉक रचले. त्यात प्रत्येक थ्रेड स्वतःच्याच जागेकडे पाहत थांबतो. लॉक सुधारत नेणाऱ्यांचा हा एक पंथच आहे, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याची फळे आजही वापरात आहेत.

दुसरे दुखणे मात्र लॉक कितीही सुधारले तरी जात नाही. लॉक हाती असलेल्या थ्रेडला ऑपरेटिंग सिस्टिमने नेमके `n++` च्या आधी बाजूला केले तर बाकीचे सगळे त्याच्या परतण्याची वाट पाहत खोळंबतात. तो मध्येच मेला तर कायमचे खोळंबतात. एकाच्या थांबण्याने सगळे थांबणे हे लॉकच्या मुळातच आहे.

कंपेअर-अँड-स्वॅप ही सूचना आयबीएमच्याच सिस्टिम/३७० मध्ये १९७० च्या दशकात आली. तिला तीन गोष्टी द्याव्या लागतात: मेमरीतली जागा, तिथे असेल असे आपल्याला वाटते ती जुनी किंमत आणि ठेवायची नवी किंमत. जागेवर जुनी किंमतच असेल तर नवी लिहिली जाते. नसेल तर काही लिहिले जात नाही आणि सध्या तिथे काय आहे ते परत मिळते. सिस्टिम/३७० च्या तांत्रिक ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात तिच्या वापराची उदाहरणे होती. ही सूचना अनेक प्रोसेसरांपुरतीच उपयोगी नाही, एकाच प्रोसेसरवर मध्येच थांबवल्या जाऊ शकणाऱ्या प्रोग्रॅमांनाही कामाची आहे, हे त्यांतून स्पष्ट होत होते. इंटेलच्या घराण्यात ती १९८९ मध्ये ८०४८६ बरोबर `cmpxchg` या नावाने आली.

तिने केलेला काउंटर असा:

```c
atomic_long n = 0;

void increment(void) {
    long old = atomic_load(&n);
    while (!atomic_compare_exchange_weak(&n, &old, old + 1))
        ;
}
```

लूप रिकामे दिसते, पण ते रिकामे नाही. सी भाषेतले हे फंक्शन फसले की जागेवर सापडलेली ताजी किंमत `old` मध्ये भरून देते. पुढच्या फेरीत `old + 1` नव्याने काढले जाते. आधी पाहिलेला ४१ आणि दोन थ्रेड हाच प्रसंग इथे घेऊ. दोघांनीही ४१ वाचले आहे. पहिल्याने म्हटले, ४१ असेल तर ४२ कर, ते झाले. दुसऱ्यानेही म्हटले, ४१ असेल तर ४२ कर. आता तिथे ४२ आहे, म्हणून नकार आला आणि `old` मध्ये ४२ आले. दुसऱ्याने पुन्हा म्हटले, ४२ असेल तर ४३ कर, झाले. शिळ्या माहितीवर केलेली बेरीज मेमरीत उतरण्याची वाटच बंद झाली.

या काउंटरला लॉक-फ्री म्हणतात, कारण कुणा एकाचा प्रयत्न फसला याचा अर्थ दुसऱ्या कुणाचा तरी साधला. `weak` प्रकार काही प्रोसेसरांवर विनाकारणही फसू शकतो. तेवढा अपवाद सोडला तर हे विधान तंतोतंत खरे आहे. कोणताही थ्रेड कुठेही थांबवला तरी उरलेल्यांचे काम अडत नाही, कारण त्याच्या हाती अडवून धरण्याजोगे काही नसतेच. पण प्रत्येकाला ठरावीक प्रयत्नांत यश मिळेलच असे आश्वासन यात नाही. ते देणाऱ्या रचनेला वेट-फ्री म्हणतात. चार थ्रेडांनी एकाच क्षणी एकच किंमत वाचली तर पहिल्या खेपेला चौघांपैकी एक साधतो, मग तिघांपैकी एक, मग दोघांपैकी एक. चार मिळवण्यांना ४ + ३ + २ + १ असे दहा प्रयत्न लागू शकतात. थ्रेड n असतील तर ते n(n+1)/2 होतात. एखादा दुर्दैवी थ्रेड तत्त्वतः हरतच राहू शकतो.

दोन्ही सूचना ॲटॉमिक, दोन्हींनी काउंटर अचूक होतो. मग त्यांच्यात खरा फरक कोणता? आमच्या मते या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे, आणि तो सोडवला मॉरिस हर्लिही यांनी १९९१ च्या वेट-फ्री सिंक्रोनायझेशनवरच्या निबंधात. त्यांनी प्रत्येक सूचनेची ताकद मोजायला एकच कसोटी लावली: कितीही थ्रेड थांबले तरी न अडता, ही सूचना आणि साधे वाचणे-लिहिणे वापरून, किती थ्रेडांचे एका निर्णयावर एकमत घडवता येते?

टेस्ट-अँड-सेट घेऊ. प्रत्येक थ्रेड आधी आपला प्रस्ताव आपल्या जागेत लिहितो आणि मग सामाईक बिटावर ती सूचना चालवतो. ज्याला ० मिळाले तो जिंकला. त्याचा प्रस्ताव मान्य. दोनच थ्रेड असतील तर ज्याला १ मिळाले त्याला जिंकला तो कोण हे आपोआप कळते, दुसरा कोणी नाहीच. तो समोरच्याच्या जागेतला प्रस्ताव वाचून तोच उचलतो. आता तिसरा थ्रेड आणा. हरलेल्याला आपण हरलो एवढे कळते, पण उरलेल्या दोघांपैकी कोण जिंकला हे त्या एका बिटात नाही. जिंकणाऱ्याला विचारावे तर तो थांबलेला असू शकतो. असे कितीही बिट आणि कितीही साध्या जागा जोडल्या तरी तिघांचे एकमत घडत नाही, असे हर्लिही यांनी सिद्ध केले.

कंपेअर-अँड-स्वॅपला ही अडचणच येत नाही. सामाईक जागेत सुरुवातीला −१ ठेवा. प्रत्येक थ्रेड म्हणतो, −१ असेल तर माझा क्रमांक लिही. एकाचेच साधते, आणि हरलेल्या प्रत्येकाला नकाराबरोबरच विजेत्याचा क्रमांक मिळतो. थ्रेड तीन असोत की तीनशे. म्हणून हर्लिहींच्या श्रेणीत साध्या वाचण्या-लिहिण्याची ताकद १ आहे, टेस्ट-अँड-सेटची २ आणि कंपेअर-अँड-स्वॅपची अनंत.

वरचा काउंटर याच गुणावर चालतो. टेस्ट-अँड-सेटचा नकार सांगतो, थांब. कंपेअर-अँड-स्वॅपचा नकार सांगतो, आता इथे ४२ आहे. हरलेल्याला पुढचे पाऊल टाकायला लागते ती माहिती नकारातच असते, आणि म्हणून त्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही. हा धागा वाचकाने पुस्तकभर हाती धरावा.

या दोहोंखेरीज आणखी दोन घराणी आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अल्ट्राकॉम्प्युटर प्रकल्पाने फेच-अँड-ॲड पुढे आणले: इतके मिळव आणि आधी किती होते ते सांग. इंटेलवर ते `lock xadd` आहे. दुसरे घराणे लोड-लिंक्ड आणि स्टोअर-कंडिशनल या जोडीचे. मिप्स, अल्फा, पॉवरपीसी, एआरएम आणि रिस्क-फाइव्ह यांनी ते स्वीकारले. तिथे पहिली सूचना जागा वाचून तिच्यावर लक्ष ठेवते आणि दुसरी मधल्या काळात कुणी त्या जागेवर लिहिले नसेल तरच लिहिते. लक्ष ठेवण्यात कधी विनाकारण खंड पडतो, आणि सी भाषेतल्या `weak` ची गरज त्यातूनच आली. एआरएमने पुढे ८.१ या आवृत्तीत कंपेअर-अँड-स्वॅप आणि फेच-अँड-ॲड या थेट सूचनाही घेतल्या, कारण खूप कोअर असलेल्या यंत्रांवर दोन पावलांचे लूप गर्दीत फार वेळा फसते.

इथे चतुर वाचक विचारेल की फेच-अँड-ॲड एका फटक्यात मिळवणी करते, फसत नाही, मग काउंटरला कंपेअर-अँड-स्वॅप हवीच कशाला? नुसत्या मोजणीला खरोखरच नको. पण मोजणीला अट जोडली की चित्र पालटते. समजा आकडा शिल्लक जागांचा आहे आणि तो शून्याखाली जाता कामा नये. एकच जागा उरली आहे. फेच-अँड-ॲडने एक वजा करताना अ ला आधीचा आकडा १ मिळाला, त्याला जागा मिळाली, शिल्लक ०. ब ने वजा केले, त्याला ० मिळाला, शिल्लक −१ झाली. ब ला चूक कळली आणि तो एक परत मिळवायला निघाला. तो पोचायच्या आत एका जागेचे आरक्षण रद्द झाले आणि शिल्लक ० झाली. आता क आला, त्याने वजा केले, त्याला आधीचा आकडा ० मिळाला आणि तो रिकाम्या हाती परतला. मागाहून ब आणि क यांनी आपापला एक परत मिळवला तेव्हा शिल्लक १ दिसली. जागा होती, तरी क ला नाकारली गेली. आकडे शेवटी जुळतात, त्यामुळे हा दोष बेरीज तपासून कधीच सापडणार नाही.

कंपेअर-अँड-स्वॅपमध्ये अट पाहणे आणि बदलणे यांच्यात फट राहत नाही:

```c
bool take(void) {
    long old = atomic_load(&left);
    while (old > 0)
        if (atomic_compare_exchange_weak(&left, &old, old - 1))
            return true;
    return false;
}
```

ब चा प्रयत्न फसला की त्याला ० मिळते, लूप तिथेच संपते आणि शिल्लक क्षणभरही −१ होत नाही.

या सूचनेच्या मर्यादाही तिच्या व्याख्येतच आहेत. ती किंमत जुळते का ते पाहते. मध्ये काही घडले का ते पाहत नाही. आकडा ५ वरून ६ आणि पुन्हा ५ झाला तरी तिला सगळे जैसे थे वाटते. काउंटरला याची बाधा नाही, कारण पाच म्हणजे पाचच, मधला इतिहास त्याच्या अर्थात नसतो. पण १९८६ मध्ये केंट ट्रायबर यांनी मांडलेल्या लॉक-फ्री स्टॅकमध्ये किंमत हा पत्ता असतो. वर A, त्याखाली B, त्याखाली C अशी चळत आहे. पहिला थ्रेड वर A आणि पुढे B असे वाचून थांबला. दुसऱ्याने A काढला, B काढला आणि A पुन्हा वर ठेवला. आता A च्या खाली C आहे. पहिला जागा होतो, म्हणतो, वर A असेल तर B कर. A आहेच. स्टॅकच्या माथ्यावर आता तो B बसला जो केव्हाच काढून टाकला होता, कदाचित ज्याची मेमरीही परत दिली होती. याला एबीए म्हणतात. सिस्टिम/३७० मध्येच जोडशब्दावर चालणारी कंपेअर-डबल-अँड-स्वॅप होती. तिच्या साहाय्याने पत्त्याशेजारी दर बदलाला वाढणारा एक आकडा ठेवता येतो आणि हा धोका टळतो. काउंटर सोपा का आणि त्याचा शेजारी अवघड का, हे एबीएमुळे नेमके कळते.

दुसरी मर्यादा वेगाची. लॉक-फ्री म्हणजे जलद असा एक भाबडा समज आहे. आकडा ज्या कॅश लाइनमध्ये आहे ती एका क्षणी एकाच कोअरला लिहिता येते, मग सूचना कोणतीही असो. कोअर वाढवले की मिळवण्या वाढत नाहीत, त्या लाइनची ये-जा वाढते. शेजारी दुसऱ्या थ्रेडाचा दुसराच काउंटर असेल तर तोही त्याच लाइनमध्ये, इंटेलवर ६४ बाइटांच्या आत, सापडून विनाकारण रखडतो. यावरचा उपाय आकडाच वाटून टाकण्याचा आहे: प्रत्येक थ्रेडाला स्वतःची जागा, स्वतःच्या कॅश लाइनमध्ये, आणि हवी तेव्हा बेरीज. जावाच्या आठव्या आवृत्तीतला `LongAdder` याच विचाराचा आहे. त्याची किंमत अशी की मोजणी चालू असताना काढलेली बेरीज ही एका नेमक्या क्षणाची नसते. किती जणांनी पान उघडले हे मोजायला ते चालते. शिल्लक जागांना चालत नाही.

हे सगळे आज सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती आहे. जावाच्या पाचव्या आवृत्तीने २००४ मध्ये `AtomicInteger` दिला. सी आणि सी++ यांनी २०११ च्या मानकांत ॲटॉमिक क्रिया घेतल्या. असेंब्लीची गरज संपली आणि त्याबरोबर चुकांचे नवे प्रकारही आले. सी मधला `volatile` मिळवणीला ॲटॉमिक करत नाही. इंटेलवर `n++` ची एकच सूचना झाली तरी `lock` हा उपसर्ग नसेल तर दोन कोअरांमध्ये ती फुटतेच. उलट, सुरुवातीला सांगितलेला चुकीचा प्रोग्रॅम `-O2` लावून कंपाइल केला तर कंपायलर संपूर्ण लूप पुसून एकदाच दहा लाख मिळवू शकतो. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते आणि दोष झाकला जातो. बरोबर आलेले उत्तर हा पुरावा नव्हे. `-fsanitize=thread` लावून तोच प्रोग्रॅम चालवला की असुरक्षित वाचणे-लिहिणे कुठल्या ओळीवर झाले ते कळते. शिवाय मेमरीतल्या इतर गोष्टी कोणत्या क्रमाने दिसाव्यात हा स्वतंत्र प्रश्न आहे. नुसत्या मोजणीला `memory_order_relaxed` पुरते, पण लॉकला किंवा शून्य झाल्यावर वस्तू मोडीत काढणाऱ्या संदर्भ-काउंटरला ते पुरत नाही.

या पुस्तकाने स्वतःला मुद्दाम लहान क्षेत्र आखून घेतले आहे. एकच काउंटर घेऊन तो वेगवेगळ्या सूचनांनी बांधायचा, प्रत्येक वेळी तो कुठे मोडतो ते दोन-तीन थ्रेडांच्या पावलापावलाने लिहून दाखवायचे, आणि मगच रांगा व स्टॅक यांच्याकडे वळायचे, असा त्याचा बेत आहे. सी भाषेची जुजबी ओळख आणि थ्रेड म्हणजे काय याची कल्पना एवढे वाचकाकडे असावे. सिद्धांत जिथे आले आहेत तिथे ते कोडमधल्या एखाद्या निवडीला आधार म्हणून आले आहेत. लॉक-फ्री रचना हा लॉकला दर वेळचा पर्याय आहे, असा दावा यात नाही.

वाचकाला निवड करताना उपयोगी पडेल असा आमचा निष्कर्ष इथेच सांगून टाकतो. नुसते मोजायचे असेल तर फेच-अँड-ॲड घ्या. गर्दी फार असेल तर आकडा वाटून टाका. बदल करण्याआधी अट तपासायची असेल आणि सगळी स्थिती एका शब्दात मावत असेल तर कंपेअर-अँड-स्वॅपचे लूप लिहा. दोन वेगळ्या जागा एकत्रच बदलायच्या असतील तर सरळ लॉक वापरा आणि त्यात कमीपणा मानू नका. आणि पुढचे पान उलटण्यापूर्वी पहिल्या परिच्छेदातला प्रोग्रॅम, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, स्वतःच्या संगणकावर एकदा चालवून बघा.